निश्चित समाकलातील टोकाचे पद : शून्य आणि अनंत येथे सीमा कशी घ्यावी?

प्रास्ताविक

पदवीपूर्व आणि पदवीच्या वर्गांत खंडशः समाकलन, म्हणजे ज्याला आपण वर्गात सर्रास ‘इंटिग्रेशन बाय पार्ट्स’ म्हणतो ती रीत, विद्यार्थ्यांना लवकर जमते. u कोणता घ्यावा, v कसा काढावा, हे चार-सहा उदाहरणांत हाताला बसते. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. समाकलाची एखादी मर्यादा शून्य असते आणि तेथे u अनंताकडे जातो, किंवा वरची मर्यादाच अनंत असते; अशा वेळी चौकटी कंसातल्या पदाचे काय करावयाचे, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते. मग तो शून्य गुणिले अनंत म्हणजे शून्य असे लिहून मोकळा होतो. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते, म्हणून चूक उघडी पडत नाही. जेव्हा उत्तर चुकते तेव्हा ते का चुकले हेही कळत नाही.

प्रस्तुत लेखात या एकाच पायरीचा विचार करावयाचा आहे. सांगावयाचे आहे ते एवढेच की, कंसातले टोकाचे पद ही किंमत घालण्याची जागा नसून सीमा घेण्याची जागा आहे. आणि ती सीमा एकटी न घेता उरलेल्या समाकलाच्या सोबत घ्यावयाची असते. चार उदाहरणांतून हे पाहू.

येथे शब्दांविषयी एक खुलासा करणे इष्ट होईल. इंग्रजीत समाकलाची दोन टोके आणि फलन ज्या किमतीकडे जाते ती किंमत, या दोहोंनाही ‘लिमिट’ असा एकच शब्द आहे. विद्यार्थी ‘लिमिट घातली’ असे म्हणतो तेव्हा त्याने टोकाची किंमत घातली की सीमा घेतली, हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. या लेखात समाकलाच्या टोकांना ‘मर्यादा’ म्हटले आहे आणि फलन ज्याकडे जाते त्याला ‘सीमा’. वर्गातही हा भेद पाळला तर निम्मा गोंधळ कमी होतो.

१. सूत्राचा खरा अर्थ

पाठ्यपुस्तकातील सूत्र असे आहे :

∫ₐᵇ u v′ dx = [u v]ₐᵇ − ∫ₐᵇ u′ v dx

हे सूत्र गुणाकाराच्या अवकलनाच्या नियमातून निघते. मात्र त्यासाठी a पासून b पर्यंत, दोन्ही टोके धरून, u आणि v या फलनांचे अवकलज असावे लागतात आणि ते संतत असावे लागतात. a = 0 असेल आणि u = ln x असेल, तर शून्यावर u ला किंमतच नाही. b = ∞ असेल तर b ही संख्याच नाही. म्हणजे ज्या उदाहरणांत अडचण येते, त्या उदाहरणांत सूत्र जसेच्या तसे लागूच पडत नाही.

मग काय करावे? अडचणीच्या टोकापासून थोडे अलीकडे थांबावे. शून्याऐवजी ε ही लहान धन संख्या घ्यावी आणि अनंताऐवजी R ही मोठी संख्या घ्यावी. ε पासून R पर्यंत सूत्र निर्विवाद लागू आहे :

∫_ε^R u v′ dx = u(R)v(R) − u(ε)v(ε) − ∫_ε^R u′ v dx

यानंतर ε → 0 आणि R → ∞ अशी सीमा घ्यावी. १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत फ्रेंच गणिती कोशी यांनी अशा समाकलांचा अर्थ सीमेच्या आधारेच मांडला. तेव्हा ∫₀^∞ हे चिन्ह म्हणजे मुळातच सीमेचे संक्षिप्त रूप आहे. विद्यार्थी ते रूप पाहतो आणि त्यामागची सीमा विसरतो.

वरील ओळीत तीन राशी आहेत : डावीकडचा मूळ समाकल, टोकांची पदे आणि उरलेला समाकल. या तिघांपैकी कोणत्याही दोघांना सांत सीमा असेल तर तिसऱ्याला ती असतेच. उजवीकडच्या दोघांपैकी एकाला सीमा आहे आणि दुसऱ्याला नाही, असे आढळले तर मूळ समाकलालाही सीमा नाही, म्हणजे तो अपसारी आहे. परंतु उजवीकडच्या दोघांनाही सीमा नसेल, तर मूळ समाकलाविषयी काहीच निष्कर्ष निघत नाही. तो अभिसारी असू शकतो, अपसारीही असू शकतो. ही तिसरी शक्यता वर्गात क्वचितच सांगितली जाते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

२. साधे प्रकरण : सीमा शून्य येते, पण का?

प्रथम सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ :

∫₀¹ ln x dx

u = ln x आणि v = x घेतले तर कंसात x ln x येते. x = 1 येथे त्याची किंमत शून्य आहे. खालच्या टोकाला x शून्याकडे जातो आणि ln x ऋण अनंताकडे. शून्य आणि अनंत यांची येथे रस्सीखेच आहे. कोण जिंकतो हे आकडे घालून पाहिले तर विद्यार्थ्याला लगेच दिसते. x = 0.1 असताना x ln x ची किंमत सुमारे −0.2303 येते; x = 0.01 असताना −0.0461; x = 0.001 असताना −0.0069. किंमत शून्याकडे सरकते आहे.

आकडे ही साक्ष झाली, सिद्धता नव्हे. सिद्धतेसाठी लोपिताल यांचा नियम वापरता येतो, पण त्याहून सोपी वाट आहे. x = e⁻ᵗ असे लिहा. मग x ln x = −t e⁻ᵗ, आणि x → 0 याचा अर्थ t → ∞. eᵗ च्या श्रेणीत t²/2 हे एक पद आहे आणि t धन असताना सर्वच पदे धन आहेत. म्हणून eᵗ > t²/2. त्यावरून t e⁻ᵗ < 2/t, आणि 2/t शून्याकडे जातो. ही सिद्धता दोन ओळींची आहे, आणि घातांकी फलन घातापुढे नेहमी सरस का ठरते हेही तिच्यातून कळते. आता

∫₀¹ ln x dx = 0 − ∫₀¹ x · (1/x) dx = −1

येथे उत्तर आले, कारण टोकाच्या पदाची सीमा खरोखर शून्य होती. ‘शून्य गुणिले काहीही म्हणजे शून्य’ या कारणाने ते आलेले नाही. हा फरक विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत दिसला पाहिजे.

याच जातीचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑयलर यांचे गॅमा फलन :

Γ(s) = ∫₀^∞ xˢ⁻¹ e⁻ˣ dx

यावरून Γ(s+1) = s Γ(s) हे सूत्र काढताना u = xˢ आणि v = −e⁻ˣ घेतात, आणि कंसात −xˢ e⁻ˣ येते. बहुतेक विद्यार्थी अनंताकडे लक्ष देतात, कारण तिथे xˢ मोठा होत जातो. ते टोक निर्धोक आहे. वर सांगितल्याप्रमाणे e⁻ˣ घाताला मागे सारतो. लक्ष द्यावयाचे ते खालच्या टोकाकडे. s > 0 असेल तरच xˢ शून्याकडे जातो. सूत्रासोबत s > 0 ही जी अट छापलेली असते, ती या टोकावर उपयोगी पडते. s = 0 घेऊन पाहा : तेव्हा xˢ = 1, म्हणून u′ = 0. उरलेला समाकल नाहीसा होतो आणि कंसाची किंमत 0 − (−1) = 1 येते. e⁻ˣ चा शून्यापासून अनंतापर्यंतचा समाकल 1 आहे, आणि तो संपूर्णपणे टोकाच्या पदातून मिळाला आहे.

३. मुख्य उदाहरण : दोन्ही पदे अनंताकडे जातात, तरी समाकल सांत

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. पुढील समाकल घ्या :

I = ∫₀¹ ln x / (1+x)² dx

प्रथम तो अभिसारी आहे की नाही हे पाहू. 0 ते 1 या अंतरात (1+x)² ची किंमत 1 आणि 4 यांच्या दरम्यान राहते. ln x येथे ऋण आहे, आणि त्याच्या समाकलाची किंमत −1 आहे हे आपण आत्ताच पाहिले. म्हणून I ची किंमत −1 आणि −1/4 यांच्या मध्ये कुठेतरी आहे. हा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे त्याचा उपयोग होईल.

आता खंडशः समाकलन. u = ln x घेणे स्वाभाविक आहे. v′ = 1/(1+x)², म्हणून v = −1/(1+x). हा v कोणीही घेईल. पण कंसात −ln x/(1+x) येते, आणि x → 0 असताना त्याचा छेद 1 कडे जातो. येथे ln x ला आवरणारे काहीच नाही. टोकाचे पद अनंताकडे जाते. उरलेला समाकल ∫ dx / (x(1+x)) हाही शून्याजवळ 1/x सारखा वागतो, म्हणून तोही अपसारी आहे.

या ठिकाणी विद्यार्थी दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर ‘समाकल अपसारी आहे’ असे लिहून थांबतो, नाहीतर अनंतातून अनंत वजा करून शून्य लिहितो. दोन्ही उत्तरे चूक आहेत. कोपऱ्यातला अंदाजच सांगतो की उत्तर सांत आहे आणि शून्य नाही.

ε घेऊन हिशेब करू. कंसाची ε ते 1 मधील किंमत :

ln ε / (1+ε)

उरलेल्या समाकलाची किंमत, 1/(x(1+x)) = 1/x − 1/(1+x) असे अंशतः विघटन करून :

−ln 2 − ln ε + ln(1+ε)

दोहोंची बेरीज केली की ln ε ची पदे एकत्र येतात :

−ε ln ε/(1+ε) + ln(1+ε) − ln 2

आता ε → 0 अशी सीमा घ्या. पहिले पद x ln x च्या जातीचे आहे, ते शून्याकडे जाते. दुसरे पदही शून्याकडे जाते. उरते −ln 2, म्हणजे सुमारे −0.6931. अंदाजात ते बसते.

आकड्यांत हे फार स्पष्ट दिसते. ε = 0.001 घेतला तर कंस −6.9009 आणि उरलेला समाकल 6.2156 येतो, बेरीज −0.6852. ε = 0.000001 घेतला तर कंस −13.8155 आणि उरलेला समाकल 13.1224, बेरीज −0.6931. दोन्ही राशी वाढत वाढत जात आहेत, पण त्यांतील अंतर स्थिर होत आहे. फळ्यावर हे दोन हिशेब करून दाखवले की ‘अनंत वजा अनंत’ म्हणजे शून्य नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

४. स्थिरांकाची निवड

वरील हिशेब बरोबर असला तरी लांब आहे. यात एक सोय आहे, जी पाठ्यपुस्तकांत अनेकदा सांगायची राहून जाते. v′ वरून v काढताना आपण समाकलनाचा स्थिरांक शून्य धरतो. तसे बंधन मुळीच नाही. v मध्ये c हा कोणताही स्थिरांक मिळवला तर कंसात c·u ची भर पडते, आणि उरलेल्या समाकलातून c·∫u′, म्हणजे तेवढीच रक्कम वजा होते. एकूण उत्तर बदलत नाही. बदलते ती अनंताची वाटणी.

वरील उदाहरणात v मध्ये 1 मिळवू :

v = 1 − 1/(1+x) = x/(1+x)

आता शून्यावर v शून्य होतो. कंसात x ln x/(1+x) येते, त्याची शून्यावरची सीमा शून्य, आणि 1 येथील किंमतही शून्य. उरलेल्या समाकलात x छेदातून निघून जातो :

I = 0 − ∫₀¹ [x/(1+x)] · (1/x) dx = −∫₀¹ dx/(1+x) = −ln 2

पूर्वी अर्धे पान लागले, आता एक ओळ लागली. यातून एक व्यवहारी नियम निघतो : ज्या टोकाला u अनंताकडे जातो, त्या टोकाला v शून्य होईल असा स्थिरांक निवडावा. तसे केल्याने काम नेहमीच होईल असे नाही. V शून्याकडे पुरेशा वेगाने गेला पाहिजे. ln x साठी x एवढा वेग भरपूर आहे. u जर 1/x² सारखा असेल तर x एवढा वेग पुरणार नाही.

आता हाच समाकल शून्यापासून अनंतापर्यंत घेऊ :

J = ∫₀^∞ ln x / (1+x)² dx

येथे पेच पडतो. v = x/(1+x) घेतला तर शून्याचे टोक सांभाळले जाते, पण अनंताकडे v ची सीमा 1 आहे आणि ln x वाढतच जातो; टोकाचे पद अनंताकडे जाते. v = −1/(1+x) घेतला तर अनंताचे टोक सांभाळले जाते, कारण ln x/(1+x) तेथे शून्याकडे जातो; पण शून्याचे टोक बिघडते. दोन्ही टोके एकदम सांभाळणारा स्थिरांक अस्तित्वातच नाही.

उपाय सोपा आहे. समाकल 1 येथे तोडावा आणि दोन तुकड्यांसाठी दोन वेगळे स्थिरांक घ्यावेत. 0 ते 1 या तुकड्याची किंमत −ln 2 आपल्याजवळ आहे. 1 ते ∞ या तुकड्यासाठी v = −1/(1+x) घेऊ. कंसाची किंमत दोन्ही टोकांना शून्य; 1 येथे ln 1 = 0 म्हणून, आणि अनंताकडे सीमा शून्य म्हणून. उरते

∫₁^∞ dx/(x(1+x)) = [ln(x/(1+x))]₁^∞ = 0 − ln(1/2) = ln 2

येथेही कंसात अनंत आहे हे लक्षात घ्यावे. ln x आणि ln(1+x) वेगवेगळे लिहिले असते तर प्रत्येक अनंताकडे गेला असता. एकत्र लिहिल्याने x/(1+x) ची सीमा 1 मिळते आणि तिचा ln शून्य येतो. अनंताच्या टोकाला लॉगॅरिथमची पदे सुटी ठेवू नयेत, ही सूचना विद्यार्थ्याला येथे द्यावी.

दोन तुकड्यांची बेरीज : J = −ln 2 + ln 2 = 0. याची पडताळणी स्वतंत्र रीतीने होते. x = 1/t हा बदल केला तर ln x चे चिन्ह बदलते, बाकी समाकल तसाच राहतो. म्हणजे J = −J, म्हणून J = 0.

तोडण्याची जागा 1 हीच निवडली, याचे कारण तेथे ln x शून्य आहे आणि मधल्या टोकाची पदे आपोआप गळतात. दुसरीकडे तोडले तरी उत्तर तेच येईल. पण दोन तुकड्यांत v वेगळा असल्याने मधल्या टोकाची पदे परस्परांना रद्द करणार नाहीत, ती मोजावी लागतील. ती विसरणे ही या रीतीतली नेहमीची चूक आहे.

५. शून्य गुणिले अनंत जेव्हा शून्य नसते

आतापर्यंतच्या उदाहरणांत, स्थिरांक योग्य निवडला की कंस शून्य होत होता. त्यामुळे ‘कंस शेवटी शून्यच होतो’ असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करण्यासाठी पुढील समाकल उपयोगी आहे :

K = ∫₀^∞ [ tan⁻¹(1/x) − x/(1+x²) ] dx

कंसातील फलनाला f म्हणू. अवकलन केल्यास f′ = −2/(1+x²)² मिळतो, जो सदैव ऋण आहे. म्हणजे f सतत उतरता आहे; शून्याजवळ त्याची किंमत π/2 आहे आणि अनंताकडे तो शून्याकडे जातो. म्हणून f सर्वत्र धन आहे, आणि K धन असलाच पाहिजे.

पहिल्या पदाचे R पर्यंत खंडशः समाकलन करू; u = tan⁻¹(1/x), v = x. u चा अवकलज −1/(1+x²) आहे. म्हणून

∫₀^R tan⁻¹(1/x) dx = R tan⁻¹(1/R) + ∫₀^R x/(1+x²) dx

खालच्या टोकाला x शून्य आणि tan⁻¹(1/x) ची सीमा π/2, म्हणून ते पद शून्य होते. उजवीकडचा समाकल f च्या दुसऱ्या पदाशी तंतोतंत कटतो, आणि

∫₀^R f dx = R tan⁻¹(1/R)

विद्यार्थी येथे म्हणेल : 1/∞ म्हणजे शून्य, tan⁻¹ 0 म्हणजे शून्य, आणि शून्य गुणिले अनंत म्हणजे शून्य; म्हणून K = 0. पण f सर्वत्र धन असताना K शून्य होऊच शकत नाही. खरी सीमा घ्या. θ = 1/R लिहिले तर पद (tan⁻¹ θ)/θ असे होते, आणि θ → 0 असताना त्याची सीमा 1 आहे. R = 10 असताना पदाची किंमत 0.9967 येते; R = 100 असताना 0.99997. म्हणून K = 1. उत्तराचा शेवटचा कण न् कण टोकाच्या पदातून आला. ते पद पुसून टाकले तर हाती काहीच राहत नाही.

६. टोकाचे पद दोलायमान असेल तर

शेवटचे प्रकरण थोडक्यात पाहू. येथे पद अनंताकडे जात नाही, पण कुठे स्थिरही होत नाही.

L = ∫₀^∞ (sin x − x cos x)/x² dx

u = sin x − x cos x आणि v = −1/x घ्या. u′ = x sin x मिळतो. शून्याजवळ u हा x³/3 सारखा वागतो, म्हणून खालच्या टोकाचे पद शून्य. R येथील पद −(sin R)/R + cos R आहे. यातील cos R ला R → ∞ असताना सीमा नाही. उरलेला समाकल ∫₀^R sin x dx = 1 − cos R, यालाही सीमा नाही. पण बेरीज पाहा :

−(sin R)/R + cos R + 1 − cos R = 1 − (sin R)/R

याची सीमा 1 आहे, म्हणून L = 1. R = π येथे टोकाचे पद −1 आणि उरलेला समाकल 2 असतो; R = 2π येथे पद 1 आणि समाकल 0. दोन्ही वेळी बेरीज 1 च. पहिल्या भागात म्हटलेली तिसरी शक्यता, म्हणजे उजवीकडच्या दोघांनाही सीमा नाही पण मूळ समाकलाला आहे, ती येथे पुन्हा भेटते. मात्र यावेळी स्थिरांक बदलून सुटका होत नाही. v मध्ये कोणताही स्थिरांक मिळवला तर कंसात x cos x ची भर पडते आणि परिस्थिती अधिकच बिघडते. R लिहून दोन्ही पदे एकत्र ठेवणे हाच येथे मार्ग आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून वर्गात पुढील क्रम ठेवावा असे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, खंडशः समाकलन सुरू करण्यापूर्वी दोन्ही टोके तपासावीत. मर्यादा अनंत आहे का, किंवा u अथवा v तेथे अनंताकडे जातो का? तसे नसेल तर नेहमीचे सूत्र वापरावे; उगाच ε आणि R आणून विद्यार्थ्याला घाबरवू नये.

दुसरी, टोक अडचणीचे असेल तर v चा स्थिरांक विचारपूर्वक निवडावा. दोन्ही टोके अडचणीची असतील तर समाकल मध्ये तोडावा आणि मधल्या टोकाची पदे मोजावीत.

तिसरी, टोकाच्या पदासाठी [ ]₀^∞ असे लिहून थेट किमती घालण्याऐवजी ‘सीमा’ हा शब्द किंवा lim हे चिन्ह लिहिण्याची सवय लावावी. सीमा शून्य असेल तर ती का शून्य आहे याची एक ओळ मागावी. परीक्षेत या ओळीला एक गुण ठेवला तर विद्यार्थी ती लिहू लागतात.

चौथी, टोकाच्या पदाला सीमा नाही असे दिसताच ‘अपसारी’ असा निकाल देऊ नये. उरलेल्या समाकलाला सीमा असेल तरच तो निकाल योग्य ठरतो. दोघांनाही सीमा नसेल तर दोघांना एकत्र करून मगच सीमा घ्यावी.

पाचवी, उत्तर येण्यापूर्वी त्याचा अंदाज बांधावा. फलन धन आहे की ऋण, समाकल कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये असेल, एवढे जरी पाहिले तरी I मध्ये शून्य आणि K मध्ये शून्य ही दोन्ही चुकीची उत्तरे तत्काळ पकडली जातात.

सरावासाठी एक समाकल सुचवून हा लेख पुरा करतो. ∫₀^∞ ln(1+x²)/x² dx येथे u = ln(1+x²) आणि v = −1/x घ्यावा. दोन्ही टोकांना पदाची सीमा शून्य येते. मात्र शून्याच्या टोकाला ती ln(1+x²) हा x² सारखा वागतो म्हणून येते, आणि अनंताच्या टोकाला x पुढे लॉगॅरिथम मागे पडतो म्हणून. एकाच कंसाची दोन टोके, दोन निराळी कारणे. विद्यार्थ्याने दोन्ही कारणे वेगळी लिहिली आणि π हे उत्तर काढले, तर त्याला टोकाच्या पदाचा अर्थ समजला असे खुशाल मानावे.